सिम अर्ध्या तासात, ओटीपी दुसऱ्या दिवशी

शनिवारी संध्याकाळी स्वारगेटला बसमधून उतरले आणि पर्समध्ये हात घातला, तर फोन नाही. शेजारच्या बाईंच्या फोनवरून माझाच नंबर लावून पाहिला. दोनदा रिंग गेली, तिसऱ्यांदा बंद. म्हणजे पडला नव्हता, कुणीतरी उचलला होता.

फोन जाण्यापेक्षा मला धास्ती सिमची होती. फोनला लॉक होतं, पण सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं की माझ्या बँकेचे ओटीपी त्याला दिसणार, हे कळत होतं. घरी पोहोचताच मुलाच्या फोनवरून १९८ लावला. त्याचं सिम त्याच कंपनीचं असल्यामुळे लगेच लागला. समोरच्या मुलीनं विचारलं, "सिम कोणाच्या नावावर आहे?" मी माझं नाव सांगितलं. "नाही मॅडम, जुळत नाही." माझा नंबर, रोज मी वापरते, आणि नाव जुळत नाही! मग डोक्यात प्रकाश पडला. २००९ साली माझ्याकडे पत्त्याचा पुरावा नव्हता म्हणून दादानं साताऱ्यात स्वतःच्या कागदपत्रांवर हे सिम घेऊन दिलं होतं. सगळी वर्षं मी दादाचं सिम वापरत होते.

दादाचा नंबर मला पाठ नाही. मुलाकडे 'मामा' म्हणून सेव्ह होता, म्हणून निभावलं. त्याला कॉन्फरन्सवर घेतलं, त्यानं जन्मतारीख आणि पत्ता सांगितला आणि रात्री साडेनऊला सिम बंद झालं. त्याच बैठकीत बँकेच्या टोल फ्री नंबरवर यूपीआय आणि कार्डही बंद करून घेतलं. आधी सिम, मग बँक, हा क्रम मला तरी बरोबर वाटतो. सिम उघडं असेल तोवर कोडचं दार उघडंच असतं.

रविवार पोलिसांच्या संकेतस्थळावर गहाळ फोनची नोंद करण्यात गेला. तिथे आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक लागतो. फोन हातात असता तर *#06# दाबून दिसला असता, पण आता तो खोक्यावरच शोधायचा. खोकं माळ्यावर, त्यात कुणीतरी सुया-दोरे भरून ठेवलेले. पण क्रमांकाची पट्टी शाबूत होती.

सोमवारी दादा पहिल्या एसटीनं आला. नवं सिम ज्याच्या नावावर आहे त्यालाच मिळतं. माझं आधार, माझा अंगठा तिथे काही कामाचा नाही. रिचार्जच्या टपरीवर न जाता कंपनीच्या स्वतःच्या दुकानात गेलो. दादा शेती करतो. मशीनवर अंगठा ठेवला, लाल दिवा. पुन्हा ठेवला, पुन्हा लाल. काउंटरवरचा मुलगा सरावलेला होता. त्यानं ओला रुमाल दिला, बोटं पुसून किंचित ओलसर ठेवायला सांगितली आणि अंगठ्याचा नाद सोडून डाव्या हाताची अनामिका लावायला लावली. हिरवा! रेषा झिजल्या किंवा कातडी कोरडी पडली की मशीनला बोट ओळखू येत नाही, हे दादाला तिथे पहिल्यांदा कळलं. "बांधावर ओळखतात मला, इथं नाही," एवढंच बोलला.

फोटो झाला, पन्नास रुपये दिले, सिम मिळालं. मुलाच्या जुन्या फोनमध्ये घातलं. बारा चाळीसला रेंजच्या दांड्या आल्या. दादानं त्याच्या फोनवरून कॉल केला, माझा फोन वाजला. मला वाटलं, सुटलो.

घरी येऊन यूपीआय अॅप उघडलं. त्यानं नंबर पडताळायला एसएमएस पाठवायचा प्रयत्न केला. फिरत राहिला, शेवटी अयशस्वी. बँकेच्या अॅपनं ओटीपी मागितला, आलाच नाही. पुन्हा मागितला, तरी नाही. दुकानदारानं सदोष सिम दिलं अशी माझी खात्रीच झाली आणि मी तडक परत गेले, भांडायच्याच तयारीनं. मुलगा शांतपणे म्हणाला, "काकू, चोवीस तास मेसेज बंद असतात. येत पण नाहीत, जात पण नाहीत. कॉल चालतो." हे त्यानं सिम देताना सांगितलं असतं तर माझी एक फेरी वाचली असती!

कारण मात्र पटलं. भामटे दुसऱ्याच्या नावावर बनावट कागदांनी डुप्लिकेट सिम काढतात. नवं सिम सुरू होताच खऱ्या मालकाचं बंद पडतं आणि सगळे ओटीपी भामट्याकडे जायला लागतात. म्हणून दूरसंचार विभागानं २०२२ मध्ये कंपन्यांना सांगितलं, की सिम बदलल्यावर पहिले चोवीस तास एसएमएस रोखून धरा. तेवढ्या वेळात खऱ्या मालकाला आपला फोन मुका झालाय हे कळावं. यूपीआय का अडलं तेही उलगडलं. ते अॅप तुमच्या सिममधून बँकेकडे एक मेसेज पाठवून ओळख पटवतं, आणि जाणारे मेसेजही बंदच होते. मी उगाच पाच-सहा वेळा प्रयत्न केले. तसं करू नका, जास्त प्रयत्न झाले की अॅप स्वतःच तात्पुरतं अडवतं.

तोवर चालण्यासारखं एकच होतं, कॉल. व्हॉट्सअॅपनं सहा अंकी कोड एसएमएसनं पाठवायचा प्रयत्न केला. मी थोडं थांबून फोन करून कोड सांगण्याचा पर्याय निवडला. एक यांत्रिक आवाज आला, अंक सांगितले, दोन मिनिटांत व्हॉट्सअॅप सुरू. गुगलच्या बाबतीत नशीब बलवत्तर. घरच्या लॅपटॉपवर मी लॉगिनच होते. तिथून पासवर्ड बदलला, हरवलेल्या फोनमधून बाहेर पडले आणि दहा बॅकअप कोड काढून डायरीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले. प्रत्येक कोड आठ अंकांचा आणि एकदाच चालतो. हे कोड आधीच असते तर तो लॅपटॉप नसतानाही माझं काम भागलं असतं.

मुलाच्या क्लासचे बारा हजार सोमवारीच भरायचे होते. ते दादानं भरले.

मंगळवारी दुपारी मी घड्याळासमोर. बारा चाळीस झाले, पंचेचाळीस झाले. एकला पाच कमी असताना फोन किणकिणला. कंपनीचाच प्रचारी मेसेज, पण मला त्याचा इतका आनंद कधी झाला नव्हता. लगेच बँकेचा ओटीपी मागितला, आला. यूपीआयचा मेसेज गेला आणि नवीन पिन टाकून खातं जोडलं. दादाचे बारा हजार परत पाठवायला गेले तर मर्यादा आड आली. नव्या फोनवर यूपीआय जोडल्यावर पहिल्या दिवशी माझ्या बँकेत पाच हजारच जातात. उरलेले सात बुधवारी गेले.

दादा चिडून म्हणाला होता, "कंपनीच बदलून टाक." तेही लगेच होत नाही. जुलै २०२४ पासून हरवल्यावर काढलेलं सिम सात दिवस दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही, पोर्टिंगचा कोडच मिळत नाही. बरंच झालं म्हणायचं, माझा राग तेवढा टिकला नसता.

आता सिमला पिन लावलाय, म्हणजे ते दुसऱ्या फोनमध्ये गेलं तरी पिनशिवाय चालू होणार नाही. मूळ पिन अंदाजानं टाकू नका. तीनदा चुकला की सिम अडतं, ते उघडायचा पीयूके कोड मागतं आणि पुन्हा कस्टमर केअर आलं. मी आधी कस्टमर केअरला मूळ पिन विचारला आणि मग बदलला.

सिम माझ्या नावावर करायचं मात्र अजून राहिलंय. त्यासाठी आम्हा दोघांना दुकानात जावं लागेल आणि दादा म्हणतो, ऊस गेल्याशिवाय मला पुण्याला बोलावू नकोस.