पाणी बंद, आणि एकच फॉन्ट

'सोसायटीच्या नोटिसा तुम्ही कुठल्या फॉन्टमध्ये करता हो? आमच्याकडे नेहमीचे दोन-चारच फॉन्ट आहेत, आणि काहीही केलं तरी कागद गिचमीड दिसतो.'

Nirmala UI मध्ये करते. विंडोज ८ पासून तो संगणकाबरोबरच येतो. पण नुसता फॉन्ट बदलून गिचमीड जात नाही, म्हणून एक कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत कसा केला तेच सांगते.

टाकी धुण्याची नोटीस होती. जुन्या फाइलमध्ये वर मधोमध 'महत्त्वाची सूचना' होतं, २८ पॉइंटात, ठळक आणि अधोरेखित. त्याखाली १२ पॉइंटात एकच लांबलचक वाक्य: 'सर्व सभासदांना कळविण्यात येते की, इमारतीच्या वरील व खालील टाक्यांची सफाई करावयाची असल्याने रविवार दिनांक १८ रोजी सकाळी ९ ते दुपारी ४ या वेळेत पाणीपुरवठा बंद राहील, याची कृपया नोंद घ्यावी.' तेही सगळं ठळक, आणि दोन्ही कडांना ताणलेलं. मराठी शब्द लांब असतात. 'पाणीपुरवठा' ओळीत मावला नाही की तो खाली जातो आणि वरच्या ओळीतल्या उरलेल्या शब्दांमध्ये खिंडारं पडतात. म्हणून पहिलं काम, मजकूर डावीकडे सरळ लावला आणि उजवी कड मोकळी सोडली.

मग मथळा बदलला. फळ्यावरच्या प्रत्येक कागदावर 'सूचना' असतंच, पाणी मात्र फक्त या कागदावर होतं. म्हणून वर 'पाणी बंद', ३२ पॉइंट, ठळक. त्याखाली 'रविवार १८, सकाळी ९ ते दुपारी ४', २० पॉइंट, ठळक. बाकीचा मजकूर १६ पॉइंटात, साधा. फळ्यासमोर माणूस उभा राहून वाचतो, कागद हातात घेत नाही. म्हणून १६ च्या खाली मी उतरत नाही. जागा पुरली नाही तर अक्षर लहान करण्याऐवजी वाक्यं कापते. वरच्या वाक्यातून 'कळविण्यात येते की' आणि 'याची कृपया नोंद घ्यावी' गेलं, तरी कुणाला काही कमी कळलं नाही.

अधोरेखन मी पूर्ण सोडलं, आणि हे जवळून बघण्यासारखं आहे. 'सूचना' हा शब्द मोठा करून त्याखाली रेघ ओढा. ती रेघ 'सू'च्या ऊकारातून जाते. 'कृपया'तल्या ऋकाराचं तसंच होतं. इंग्रजीत मोजक्याच अक्षरांच्या शेपट्या खाली उतरतात. आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घ उकार, ऋकार, पाय मोडलेली अक्षरं, सगळं खालीच लटकतं, आणि रेघ नेमकं तेच खोडते. मथळा वेगळा काढायचाच असेल तर परिच्छेदाला खालची बॉर्डर द्यावी. ती उकारांच्या पुरेशी खाली बसते आणि मजकुराच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ जाते. तिरप्या अक्षरांचंही मी काही करत नाही. देवनागरी नुसती कलंडवली की शिरोरेखा आणि काना यांचा काटकोन मोडतो, दुरून शब्द डगमगल्यासारखा वाटतो.

आता ओळींमधलं अंतर. Mangal वापरत असाल तर ओळी फार लांब लांब पडतात, कारण त्या फॉन्टनेच वर-खाली भरपूर जागा राखून ठेवलेली आहे. लोक ते आवळायला Line spacing मध्ये Exactly निवडतात आणि १६ पॉइंटाच्या अक्षराला १८ देतात. मग वरच्या ओळीतल्या 'कृपया'चा ऋकार खालच्या ओळीतल्या 'सर्वांनी'च्या रफार-अनुस्वाराला जाऊन भिडतो. कधी कधी वेलांटीचा माथाच कापला जातो. १६ ला मी २४ देते, आणि छापण्याआधी नेमके असेच दोन शब्द एकाखाली एक टाकून बघते. Nirmala UI ला सहसा हात लावावा लागत नाही, Single ठेवलं तरी चालतं. दोन परिच्छेदांमध्ये मात्र दोनदा एंटर न मारता Spacing मधल्या After ला १२ पॉइंट द्यावेत. रिकाम्या ओळींनी केलेलं अंतर प्रत्येक ठिकाणी वेगळं होतं, आणि डोळ्याला ते कळतं, भले कारण सांगता येवो न येवो.

तारीख, वेळ, कुणाला विचारायचं, ही माहिती एकाखाली एक येते तिथे विसर्गासारखी दिसणारी कोलनची चिन्हं स्पेस मारून जुळवण्याची सवय असते. पडद्यावर जुळतं, छापल्यावर हलतं, कारण प्रत्येक अक्षराची रुंदी वेगळी असते. ४ सेंटिमीटरवर एक टॅब लावला की प्रश्नच उरत नाही. आणि तिथे कोलनच टाइप करा. खरा विसर्ग घातला तर तो शब्दाचा भाग होऊन बसतो.

एक अडचण मला फार दिवस उलगडली नव्हती. सगळा मजकूर निवडून फॉन्ट बदलला, तरी रोमन लिपीतला विंगचा क्रमांक वेगळाच दिसायचा, बारीक आणि परका. वर्ड देवनागरीचा फॉन्ट आणि आकार वेगळा ठेवतं, रोमनचा वेगळा. Ctrl+D दाबा. उघडणाऱ्या चौकटीत Latin text आणि Complex scripts अशा दोन जागा दिसतील. देवनागरी ही दुसरीत येते. दोन्हीकडे Nirmala UI आणि १६ भरा. त्यात रोमन अक्षरंही देवनागरीला शोभतील अशीच आहेत, आणि मी तो निवडला त्याचं मोठं कारण हेच. लिबरऑफिसमध्येही अशीच विभागणी सापडते.

Kokila मला दिसायला आवडतो, पण एकदा त्याने मला अडचणीत आणलं. तो त्याच आकड्याला बराच लहान दिसतो, म्हणून मी २२ पॉइंट दिले होते. फाइल दुसऱ्या सभासदाला छापायला पाठवली. त्याच्या विंडोज १० मध्ये तो नव्हता, कारण तिथे Kokila, Utsaah, Aparajita हे वेगळ्या जोडणीत येतात, आपण मागितले तर. संगणकाने दुसरा फॉन्ट घातला, तोही २२ लाच, आणि सचिवांच्या सहीची ओळ एकटीच दुसऱ्या पानावर गेली. तसाच कागद फळ्यावर लागला, सहीविना. तेव्हापासून वर्डची फाइल पाठवत नाही, पीडीएफ करून पाठवते. त्यात फॉन्ट बरोबर जातो.

छापल्यावर 'तिसर्‍या' शब्द तेवढा तपासा. रफार देऊन 'तिसर्या' टाइप झालं असेल तर फॉन्ट कितीही चांगला असो, शब्द चुकीचाच दिसतो. इनस्क्रिप्टमध्ये ऱ घेऊन त्याला हलंत आणि मग य, असं केलं की हवा तो आडवा अर्धा र येतो. टाकीच्या नोटिशीत तो शब्द होता, तिसऱ्या मजल्यावरच्या व्हॉल्व्हसाठी. मी तेवढा दुरुस्त केला, पुन्हा छापलं, आणि कागद लावून जिन्याच्या पहिल्या पायरीवरून वाचून पाहिला. 'पाणी बंद' आणि वेळ तिथूनही वाचता येत होती.