आमची वाटचाल: लॉजच्या काउंटरवरचा फोन

इंदूरला सरवटे बसस्टँडजवळ आमचं छोटं लॉज आहे, 14 खोल्या आणि खाली डायनिंग. बाबांनी सुरू केलं, आता मी बघतो. पाहुणे बहुतेक महाराष्ट्रातले, महाकाल आणि ओंकारेश्वर करायला निघालेले, म्हणजे फोनवर अर्धं मराठी अर्धं हिंदी. सुरुवातीची बरीच वर्षं फोन कसा घ्यायचा हे कुणी कुणाला शिकवलंच नाही, ज्याच्या हाताला लागला त्याने उचलला, "हॅलो, हां बोला" आणि झालं. समोरच्याला कळायचंच नाही की लॉजवर लागलाय की कुणाच्या घरी.

मग एकदा नाशिकच्या एका काकूंचा फोन आला, "14 तारखेला येतोय, एक चार बेडची खोली ठेवा." पोराने लिहिलं 14. आणि मंडळी पोचली 14 ला पहाटे अडीचला, ट्रॅव्हल्सने, सोबत सत्तरीच्या आजी! आमच्या हिशोबात 14 ची खोली 14 च्या दुपारी 12 ला सुरू होते, 13 च्या रात्री ती खोली दुसऱ्यांना दिलेली. चूक कुणाची म्हणाल तर त्यांची नाहीच, त्या खरंच 14 ला आल्या होत्या. आजी सकाळपर्यंत सोफ्यावर आडव्या, आणि काउंटरवरचा पोरगा वर म्हणतो, "तुम्हीच 14 सांगितली होती ना." हे वाक्य मला अजून टोचतं.

तेव्हापासून बुकिंगला आम्ही तारीख विचारतच नाही, रात्र विचारतो. फोन तीन रिंगच्या आत उचलायचा, आधी नमस्कार, मग लॉजचं नाव, मग स्वतःचं नाव, आणि मग: "मुक्काम कोणत्या रात्रीचा? इथे साधारण किती वाजता पोचाल?" वेळ पहाटेची निघाली की लगेच, "म्हणजे तुम्ही शनिवारी 13 ला रात्री प्रवासात असणार आणि रविवारी 14 ला पहाटे पोचणार, तर खोली मी 13 च्या रात्रीपासून धरतो, भाडं त्या रात्रीचं पण लागेल, चालेल ना?" भाड्याचं तेव्हाच बोलायचं, काउंटरवर पहाटे नाही. कुणी नको म्हणतं, आम्ही सकाळी आंघोळीपुरती खोली घेऊ म्हणतं, तेही ठीक, पण मग तसं रजिस्टरमध्ये लिहायचं.

तारखेसोबत वार बोलायचाच, कारण फोनवर एकोणीस आणि एकोणतीस सारखंच ऐकू येतं, "एक नऊ, एकोणीस, शुक्रवार" असं म्हणायचं. आणि हिंदीत बोलताना "कल" हा शब्द आमच्या काउंटरवर बंद, गेलेला पण कल आणि येणारा पण कल! शेवटी सगळं परत वाचून दाखवायचं: नाव, किती माणसं, कोणती रात्र, कधी पोचणार, ॲडव्हान्स किती. यात एक मिनिट जातं, पोरं कुरकुरतात, पण गडबड बहुतेक इथेच पकडली जाते. मध्ये होल्डवर टाकायचं असेल तर आधी विचारायचं, "एक मिनिट थांबाल का, की मीच परत फोन करू?" आणि उत्तर ऐकूनच बाजूला ठेवायचा.

तक्रारीचं वेगळंच. आमच्याकडे नंबर एकची तक्रार गरम पाणी, सोलर गच्चीवर आणि पाइप लांब, खालच्या मजल्यावर पहिलं पाणी गारच येतं. आधी पोरं म्हणायची, "आ जाएगा सर, थोडा रुकिए." पाहुणा दहा मिनिटांनी परत चिडून फोन करायचा. आता बोलणं असं, "104 नंबर ना? सॉरी काका. नळाला गार येतंय की शॉवरला? पाच मिनिटांत माणूस पाठवतो, आणि दहा मिनिटांनी मीच फोन करून विचारतो." सॉरी एकदाच, पाच वेळा म्हटलं की माणूस जास्त तापतो. रात्रपाळीवाल्यावर ढकलायचं नाही. आणि तो दहा मिनिटांनी करायचा फोन विसरलात तर आधी काहीच बोलला नसतात तर बरं झालं असतं, म्हणून आम्ही काउंटरवर पाटी ठेवलीय, खडूने खोली नंबर आणि वेळ लिहायची, फोन केला की पुसायची.

जड जातं ते नाही म्हणणं. "13 फुल आहे काकू, 14 ची रात्र मिळेल, की जवळच्या दुसऱ्या लॉजचा नंबर देऊ?" असं स्पष्ट सांगायचं ठरलंय. पण बाबा अजून संध्याकाळी काउंटरवर बसतात आणि कुणाचाही फोन आला की, "या हो, आपलंच घर आहे, करू काहीतरी!" म्हणून सीझनमध्ये मी फोन त्यांच्या खुर्चीपासून लांबच्या टोकाला सरकवून ठेवतो, तरी ते उठून जातात.