पांढरी दोन, काळी दोन

आमच्या घरातली पेटी आजोबांची. तिला स्केल चेंजर नाही, आणि पावसाळ्यात मंद्र सप्तकातला एक सूर बोट उचललं तरी वाजत राहतो. अशा पेटीवर जॅझ वाजवायला बसणं म्हणजे नऊवारी नेसून पोहायला उतरणं, हे मला कळतं. पण काही गोष्टी नुसत्या ऐकून डोक्यात शिरत नाहीत, बोटांना विचाराव्या लागतात.

बोटांना विचारायचा प्रश्न साधा होता. आपल्याकडे तंबोरा एकदा लागला की सा जागचा हलत नाही आणि गायक त्या सा-भोवती वाटेल तेवढी बढत करतो. जॅझमध्ये वादक उपज करत असताना मागे पियानो आणि बेस कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचे गुच्छ, बदलत असतात. या क्षणी गोड लागलेला सूर पुढच्या क्षणी दाताखाली खडा यावा तसा लागतो. मग पायाखालची जमीन सरकत असताना तिथल्या तिथे गाणं कसं रचायचं?

पहिलं उत्तर 26 नोव्हेंबर 1945 रोजी न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित झालं. सॅक्सोफोनवर चार्ली पार्कर, रचनेचं नाव ‘को-को’. तिचे कॉर्ड मात्र ‘चेरोकी’ या आधीच्या लोकप्रिय गाण्याचे. बीबॉपवाल्यांची, म्हणजे पार्करच्या या वेगवान जॅझ शैलीतल्या मंडळींची, ही नेहमीची रीत होती, कारण चालीवर मालकी हक्क असतो, कॉर्डच्या क्रमावर नसतो. त्या दिवसाचा एक अर्धवट टेक उपलब्ध आहे. त्यात मंडळी ‘चेरोकी’ची मूळ चाल सरळ वाजवू लागतात आणि त्यांना मध्येच थांबवलं जातं. ते ऐकताना मला दर वेळी हसू येतं.

‘चेरोकी’चा मधला भाग, ज्याला ब्रिज म्हणतात, तो पेटीवर शोधला. गाणं काळी पाचमध्ये आहे. ब्रिज आला की सा एकदम पांढरी सातवर उडी मारतो, चार बारनंतर पांढरी सहावर उतरतो, आणखी चार बारनंतर पांढरी पाचवर, आणि शेवटच्या चार बारमध्ये घरची वाट धरतो. चार मात्रांचा एक बार, आणि पार्करची लय मिनिटाला साधारण 300 मात्रा. म्हणजे एका सा-वर मुक्काम सव्वातीन सेकंद. एवढ्यात मला भात्यावरचा हातसुद्धा नीट बसवता येत नाही.

पार्कर त्या सव्वातीन सेकंदांत नुसता तग धरत नाही, त्याच्या सुरांतून कॉर्ड ऐकू येतात. यामागची एक युक्ती मी पेटीवर तपासली. खमाज थाटाचा अवरोह घ्या: सा, कोमल नी, ध, प, म, ग, रे. एका मात्रेत दोन सूर वाजवले तर मात्रेच्या ठोक्यावर सा, ध, म, रे येतात. पण खालच्या कॉर्डचे सूर आहेत सा, ग, प आणि कोमल नी. म्हणजे सा सोडला तर ठोक्यावर सगळे परकेच. आता सा आणि कोमल नीच्या मध्ये शुद्ध नी घाला. सुरांची संख्या सातावरून आठ होते, आणि ठोक्यावर येतात सा, कोमल नी, प, ग. चारही घरचे! शुद्ध नी त्या कॉर्डमध्ये बसत नाही, पण तो दोन ठोक्यांच्या मध्ये चोरपावलांनी निघून जातो आणि बाकीच्यांना आपापल्या जागी बसवतो. असे पाहुणे सूर बीबॉपमध्ये पावलोपावली भेटतात. म्हणून साथ बंद केली आणि नुसता सॅक्सोफोन ठेवला तरी जाणत्या कानाला सा कुठे गेला ते कळतं.

दुसरं उत्तर 2 मार्च 1959 चं. ‘काइंड ऑफ ब्लू’ या तबकडीतलं ‘सो व्हॉट’, ट्रम्पेटवर माइल्स डेव्हिस. 32 बारची रचना: सोळा बार पांढरी दोन, आठ बार काळी दोन, पुन्हा आठ बार पांढरी दोन. संपलं. स्वरसप्तक डोरियन, म्हणजे सुरांच्या हिशेबाने आपला काफी थाट. पांढरी दोनला सा धरला की हा काफी सगळा पांढऱ्या पट्ट्यांवर येतो. मला केवढा आनंद झाला!

या आनंदात एक चूक होते, आणि आपल्याकडच्या श्रोत्याची हमखास होते. ‘म्हणजे हा रागच की!’ नाही. थाट म्हणजे राग नव्हे, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. इथे पकड नाही, वादी-संवादी नाही, चलनाचं बंधन नाही, आणि सा धरून ठेवणारा तंबोराही नाही. पॉल चेम्बर्सचा बेस सोलोच्या खाली चालत राहतो. शिवाय ब्रिजमध्ये तर सा-च अर्ध्या सुराने वर चढतो. स्केल चेंजरवाल्याने एक घर पट्टी सरकवली की झालं. माझ्या पेटीवर मात्र पांढऱ्यांचा सगळा संसार उचलून काळ्यांवर न्यावा लागतो, वाट्याला फक्त दोन पांढऱ्या राहतात.

‘सो व्हॉट’सारख्या, एकाच सप्तकावर मुक्काम ठोकणाऱ्या मोडल जॅझने वादकाची कॉर्डच्या तुरुंगातून सुटका केली असं नेहमी लिहिलं जातं. मला हे अर्धंच पटतं. धावते कॉर्ड तुम्हाला पळवतात, पण पुढे काय वाजवायचं हेही तेच सुचवतात. सव्वातीन सेकंदांत सा बदलणार म्हटल्यावर ‘आता काय सांगू’ हा प्रश्नच उरत नाही. ‘सो व्हॉट’ची लय पार्करच्या निम्म्याहूनही कमी आहे. शेवटचे आठ बार आणि पुढच्या फेरीचे पहिले सोळा जोडले तर सलग 24 बार, जवळजवळ चाळीस सेकंद, तेच सात सूर. त्यात चुकीचा सूर लागणं अवघड, कंटाळवाणं होणं फार सोपं. माझं वाजवणं तिसऱ्या मिनिटाला पलट्यांच्या रियाजासारखं ऐकू येऊ लागलं. डेव्हिस काय करतो ते तेव्हा कळलं. तो दोन-चार सुरांचं वाक्य बोलतो, थांबतो, तेच वाक्य जरा वळवून पुन्हा बोलतो. जी वळणं पार्करला कॉर्ड पुरवत होते, ती डेव्हिसला शांततेतून काढावी लागतात. त्याच रेकॉर्डवर सॅक्सोफोनवाला कॅननबॉल ॲडर्ली मात्र या मोकळ्या रानातही बीबॉपचे पाहुणे सूर घेऊन येतो, जणू त्याला एकट्याला न वाजणारे कॉर्ड ऐकू येतायत. मला ते बेइमान वाटत नाही, उलट तोच सोलो मी जास्त वेळा लावतो.

आणि दुसरा सॅक्सोफोनवाला जॉन कोल्ट्रेन! ‘सो व्हॉट’मध्ये तोही आहे. त्यानंतर दोनच महिन्यांनी, मे 1959 मध्ये, त्याने ‘जायंट स्टेप्स’ वाजवलं: सोळा बारमध्ये 26 कॉर्ड, तीन सा, आणि लय पार्करच्या आसपास. बीबॉपचा हिशेब याहून पुढे नेणं कठीण. त्यात टॉमी फ्लॅनगन या पट्टीच्या पियानोवादकाचा सोलो तुटत तुटत शेवटी नुसत्या कॉर्डवर येतो. एका उत्तराने दुसऱ्याला बाद केलं असतं, तर त्याच माणसाने त्याच वसंतात दोन्ही वाजवली नसती.

परवा भाच्याला बार मोजायला बसवलं आणि ‘सो व्हॉट’ लावून सोबत वाजवू लागलो. दुसऱ्या फेरीत एक बरं वाक्य सापडलं. मी ते वळवलं, थांबलो, पुन्हा वळवलं. डोळे मिटलेले. मंद्रातला तो चिकट सूरही आज साथीला असल्यासारखा वाटत होता. तेवढ्यात भाच्याने माझ्या कोपराला ढोसलं.

“मामा, ब्रिज सुरू होऊन पाच बार झाले. तू अजून पांढऱ्यांवरच आहेस.”