रोबस्टनेस चेक लिहिताना आधी शंका लिहिली, मग टेबल : माझा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातल्या काही गावांत शेततळ्यांवर आमचं काम चालू होतं. त्याचा पेपर पाठवायच्या आधी रोबस्टनेसचा भाग, म्हणजे निकाल दुसऱ्याच कशामुळं तर आलेला नाही ना हे तपासणारा भाग, मी पूर्ण नव्यानं लिहिला. पीएचडी करणाऱ्या दोघीतिघींनी विचारलं म्हणून कसं केलं ते सविस्तर लिहिते.

मुख्य निकाल साधा आहे. २०१६ मध्ये 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आली, त्यातून ज्यांनी तळं खोदलं त्यांचं रब्बीचं क्षेत्र तळं नसलेल्यांच्या मानानं सरासरी अर्धा एकर वाढलं. पद्धत डिफरन्स-इन-डिफरन्सेस, म्हणजे तळेवाल्यांचा आधी-नंतरचा फरक घ्यायचा आणि त्यातून बिनतळेवाल्यांचा आधी-नंतरचा फरक वजा करायचा.

ड्राफ्टमध्ये रोबस्टनेसचा परिच्छेद बहुतेक पेपरांत असतो तसाच होता. कंट्रोल बदलून पाहिले, टोकाचे आकडे काढून पाहिले, लॉग घेऊन पाहिलं, निकाल कायम राहिला. सरांनी तो वाचला आणि एवढंच विचारलं, "हे वाचून कोणाची शंका फिटली?" मला उत्तर देता येईना, कारण टोकाच्या आकड्यांमुळं आमचा निकाल खोटा असेल असं आजवर कोणी म्हटलंच नव्हतं.

खऱ्या शंका गावातच निघाल्या. आम्ही निकाल सांगायला ग्रामपंचायतीत बसलो होतो, तिथं एक काका म्हणाले, "मॅडम, बोंडअळीच्या साली त आम्ही पऱ्हाटी उपटून हरबराच पेरला ना, माह्या वावरात कुठं तळं होतं?" २०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीनं विदर्भात कापसाची काय दशा केली ते इथं सगळ्यांना माहीत आहे. पऱ्हाटी लवकर निघाली की वावर रिकामं होतं आणि हरभऱ्याला जागा मिळते, त्याचा तळ्याशी काही संबंध नाही. मी हे वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवून घेतलं आणि पेपरातला पहिला चेक यावरूनच तयार झाला.

पण शंका आहे तशी घेऊन भागत नाही, ती निकालाला नेमकी कुठं लागते ते आधी पाहावं लागतं. सगळ्यांनी सारखीच पऱ्हाटी उपटली असती तर तो फरक वजाबाकीत निघून गेला असता आणि आमच्या आकड्याला धक्का लागला नसता. शंका लागू पडते ती तळेवाल्यांकडं कापूस जास्त असेल तरच, आणि आमच्या डेटात तो खरंच जास्त होता. म्हणून पेपरात शंका अशी लिहिली : "तळेवाल्यांकडं कापूस अधिक असल्यानं बोंडअळीनं त्यांचंच जास्त वावर रिकामं केलं असेल, आणि रब्बीतली वाढ तळ्याची नसून बोंडअळीची असेल."

एवढं स्पष्ट लिहिल्यावर चेक शोधावा लागला नाही. ज्या घरी कापूसच नव्हता, फक्त सोयाबीन आणि तूर होती, तेवढीच घरं घेऊन तीच तुलना करायची. शंका खरी असेल तर या घरांत तळ्याचा परिणाम शून्याच्या आसपास यायला पाहिजे, हे वाक्य मी निकालाच्या आधी लिहिलं, कारण ते नसलं तर वाचणाऱ्याला कळत नाही की कोणता आकडा आला असता तर आम्ही हरलो असतो. एक गोष्ट जपावी लागते, घरांची विभागणी योजनेच्या आधीच्या २०१५ च्या पिकांवरून करायची, २०१७ च्या नाही. तळं झाल्यावर माणूस पीकच बदलतो, त्यामुळं नंतरच्या पिकावरून गट पाडले तर परिणामावरूनच गट पाडल्यासारखं होतं आणि चेक निरुपयोगी ठरतो.

आकडा अर्ध्या एकराहून थोडा कमी आला, घरं कमी असल्यानं त्याची रेंज रुंद झाली, पण शून्य त्या रेंजच्या बाहेरच राहिलं. त्याखालीच मर्यादाही लिहिली. सोयाबीन दिवाळीच्या आसपास निघतं, म्हणजे या घरांत रब्बीला जागा तशीही असते, त्यामुळं त्यांचा आकडा आणि कापूसवाल्यांचा आकडा सारखा यावा अशी अपेक्षा नाही. हा चेक फक्त इतकंच सांगतो की बोंडअळी बाजूला काढली तरी परिणाम उरतो, किती उरतो ते कापूसवाल्यांसाठी सांगत नाही. कोणी म्हणेल सरळ २०१७-१८ चं वर्षच काढून टाका, आम्ही तेही केलं पण मुख्य पेपरात ठेवलं नाही, कारण बोंडअळीची धास्ती पुढच्या वर्षीही होती आणि लोक पऱ्हाटी लवकरच काढत होते, म्हणजे एक वर्ष काढल्यानं काकांच्या शंकेचं उत्तर अर्धंच मिळतं.

दुसरी शंका पैशाची होती. अनुदान तेव्हा पन्नास हजारांपर्यंत होतं, तेही खोदकाम झाल्यावर, म्हणजे जेसीबीवाल्याला आधी आपल्या खिशातून द्यावं लागायचं. मग ज्याच्याकडं पैसा होता त्यानं तळं खोदलं आणि त्यानंच हरभऱ्याचं बियाणंही घेतलं, असं कोणी म्हटलं तर? यासाठी तुलनेचा गट बदलला, ज्यांनी अर्ज केला, मंजुरी आली, पण तळं दोन-तीन वर्षांनी खोदलं, अशा घरांशी तुलना केली. अर्ज करायची इच्छा आणि ऐपत दोघांतही आहे. इथं आकडा खाली आला, पाव एकराच्या थोडा वर. सहलेखक म्हणत होते हा परिशिष्टात टाकू, मी ठाम नाही म्हटलं. शंका रास्त होती आणि उत्तर "काही अंशी बरोबर" असं निघालं, मग तेच मुख्य भागात लिहिलं, आणि गोषवाऱ्यातही अर्धा एकर एकटं न ठेवता "पाव ते अर्धा एकर" केलं. 'निकाल कायम राहिला' हे वाक्य इथं बसतच नव्हतं.

शेजाऱ्याबद्दलची शंका मात्र उलट्या दिशेची निघाली. तळ्याचं पाणी झिरपून शेजारच्या विहिरीला येतं, खास करून प्लास्टिक न टाकलेल्या तळ्याचं, हे शेतकरीच सांगतात. मग बिनतळेवाला शेजारीही रब्बी वाढवतो आणि आमचा फरक कमी दिसतो. म्हणजे ही शंका खरी असली तर आमचा आकडा फुगलेला नाही, उलट दबलेला आहे. दिशा लिहिली की वाचणाऱ्याला लगेच कळतं की यानं निष्कर्ष धोक्यात येत नाही, म्हणून ती दोन ओळींत संपवली : तळ्याला लागून असलेली वावरं तुलनेतून काढली, आकडा किंचित वाढला.

लॉग आणि टोकाचे आकडे परिशिष्टात गेले. लॉगचं तर तसंही जमत नव्हतं, कितीतरी घरांचं रब्बी क्षेत्र शून्य आहे आणि शून्याचा लॉग निघत नाही, म्हणजे ज्यांनी तळ्यामुळं पहिल्यांदा रब्बी पेरली तीच घरं गळून जातात.

एक शंका उरली, तिला आमच्याकडं चेक नाही. त्याच वर्षांत काही घरांना कृषिपंपाची वीजजोडणी मिळाली आणि कोणाला कधी मिळाली ते आम्ही सर्व्हेत विचारलेलं नाही. ती त्याच भागाच्या शेवटी, बाकीच्यांसारखीच नाव देऊन लिहिली, ती खरी असेल तर आकडा कोणत्या बाजूला झुकेल तेही लिहिलं, आणि पुढच्या फेरीच्या प्रश्नावलीत मीटर बसल्याचा महिना आणि साल टाकलं आहे.