पाच पावत्या, तीन ग्राहक आणि एक छापखानावाले काका

आमच्या बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्देश आले, पैसे काढण्यावर निर्बंध बसले, म्हणजे आमच्या भाषेत पस्तीस-ए लागलं, तेव्हा पहिले दोन दिवस काउंटरवर नुसती बोंबाबोंब होती, ते सगळ्यांनी बातम्यांत बघितलेलंच असतं. त्यानंतर मागच्या खोलीत काय चालतं ते कोणी दाखवत नाही. बँकेला ४५ दिवसांत सगळ्या ठेवीदारांची यादी डीआयसीजीसीला द्यावी लागते, म्हणजे ठेवींचा विमा उतरवणारं रिझर्व्ह बँकेचंच महामंडळ. पुढच्या ३० दिवसांत ते यादी तपासतात, आणि त्यानंतरच्या १५ दिवसांत पैसे देतात. हा नव्वद दिवसांचा नियम १ सप्टेंबर २०२१ पासून आलाय. त्याआधी लायसन्स रद्द होईपर्यंत विम्याचं नाव काढायची सोय नव्हती, आणि पुण्यात हे सांगायला नकोच, रुपी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले आणि लायसन्स रद्द व्हायला २०२२ उजाडलं.

तर ती यादी करायचं काम हेड ऑफिसमधून माझ्याकडे आलं. बाहेरच्यांना वाटतं कॉम्प्युटरमधून प्रिंट काढली की झाली यादी. अहो कसली प्रिंट! विमा खात्याला नसतो, पावतीला नसतो, शाखेला तर नसतोच. तो असतो एका बँकेत एका माणसाला, त्याच्या सगळ्या शाखांतल्या सगळ्या ठेवी एकत्र करून, मुद्दल आणि निर्देशाच्या तारखेपर्यंतचं व्याज धरून, ५ लाखांपर्यंत. म्हणजे आधी ठरवावं लागतं की 'माणूस' किती आहेत. आणि आमच्या सिस्टीममध्ये एकाच माणसाचे तीन-तीन कस्टमर आयडी, कारण प्रत्येक शाखेत टार्गेट पूर्ण करायला "नवीन ग्राहक" दाखवायचा असतो, जुना आयडी शोधायला कोण बसतंय. केवायसी अपडेट करा म्हणून किती वर्षं सर्क्युलर निघत होती, ती फायलीला लावून सगळे चहा प्यायला मोकळे.

त्या यादीत एक काका होते, पेठेत छापखाना चालवायचे, लग्नपत्रिका, बिलबुकं, गणेश मंडळांच्या पावत्या. आता मशीन बंद आहे पण दुकान नावापुरतं चालू. ते आले तेच वही घेऊन. वहीत प्रत्येक पावती पेनानं लिहिलेली, शेजारी व्याजाचा दर, मॅच्युरिटीची तारीख, आणि प्रत्येक ओळीपुढे टिक. मला म्हणाले, "म्याडम, आपल्याला टेन्शन नाही. एकही पावती पाच लाखांच्या वर नाही. तुमच्याच पिग्मी एजंटनी सांगितलं होतं, पाचच्या आत ठेवा, दोन शाखांत ठेवा, सगळं सेफ."

हा सल्ला मी एवढ्या लोकांच्या तोंडून ऐकलाय की तो एजंट समोर असता तर काही खरं नव्हतं त्याचं. पण एजंटला तरी काय बोलणार, आमचे शाखाधिकारीच हे सांगत होते.

काकांचं सिस्टीममध्ये असं होतं. पेठ शाखेतल्या आयडीवर सेव्हिंग ४२ हजार आणि साडेचार लाखांची एफडी, व्याजासकट ४ लाख ७१ हजार. कोथरूड शाखेत दुसरा आयडी, नावात वडिलांचं नाव पुढे-मागे झालेलं, तिथं ३ लाखांची एफडी, व्याजासकट ३ लाख ९ हजार. तिसरा आयडी छापखान्याच्या नावाचा, करंटमध्ये ३० हजार आणि पिग्मीत ४८ हजार. कॉम्प्युटरच्या लेखी हे तीन वेगळे ठेवीदार. शिवाय पेठेतल्या पावतीवर काकांनी नातीच्या ॲडमिशनसाठी कर्ज काढलेलं, त्याचे व्याजासकट ९६ हजार येणं होतं.

विम्याच्या हिशेबात आधी बँकेचं येणं वजा होतं आणि मग उरलेल्याला ५ लाखांची मर्यादा लागते. म्हणजे तीन वेगळे आयडी तसेच राहिले असते तर पेठेतले ५ लाख १३ हजार वजा ९६ हजार, म्हणजे ४ लाख १७ हजार, अधिक कोथरूडचे ३ लाख ९ हजार, अधिक दुकानाचे ७८ हजार, असे ८ लाख ४ हजार, सगळेच्या सगळे विम्यात बसले असते. काकांची वही अगदी बरोबर आली असती.

पण पॅन एकच. आणि दुकान त्यांच्या एकट्याच्या मालकीचं, पार्टनरशिप नाही. प्रोप्रायटरशिपला कायद्यात वेगळं अस्तित्व नसतं, त्यामुळे दुकानाच्या नावाची ठेव मालकाच्या वैयक्तिक ठेवीतच मोजतात. तेच दुकान जर दोघा भावांची पार्टनरशिप असती तर फर्मच्या खात्याला वेगळे ५ लाख मिळाले असते. एकूण ९ लाख, वजा ९६ हजार, म्हणजे ८ लाख ४ हजार, आणि त्यातले मिळणार ५. मी आयडी मर्ज केले की काकांचे ३ लाख ४ हजार विम्याच्या बाहेर जाणार होते.

माझ्या शेजारच्या टेबलवरचा सहकारी म्हणाला, "राहू दे ना गं, म्हातारा माणूस आहे, हजारो ओळींत कोणाला दिसतंय." त्याचा स्वभाव वाईट नाही, पण बँकेची ही गत अशाच "राहू दे ना" मुळे झालीये असं माझं स्पष्ट मत आहे. आणि दिसतंय म्हणजे काय, यादी पॅनवर सॉर्ट केली की दिसतंच, तपासणारे सगळ्यात आधी तेच बघतात. मी मर्ज केलं. योग्य केलं याबद्दल शंका नाही, पण त्या दिवशी डबा तसाच परत नेला एवढं खरं.

काकांना सांगितलं तेव्हा ते चिडले नाहीत, वही उघडून बेरीज पुन्हा करत बसले. मग मी विचारलं जॉइंट काही आहे का, तर म्हणाले, "आहे की, हिच्याबरोबर दोन पावत्या, पण त्या पण माझ्याच धरणार ना आता?"

नाही धरणार! जॉइंट खातं हे एकट्याच्या खात्यापासून वेगळं मोजतात. एवढं बऱ्याच जणांना माहीत असतं. त्याच्या पुढचं फार कमी जणांना माहिती: त्याच दोघांची, त्याच क्रमानं नावं असलेली सगळी जॉइंट खाती मिळून एक ५ लाख, पण नावांचा क्रम उलटा असेल तर ते वेगळं धरतात आणि त्याला आणखी ५ लाख. काकांची एक पावती काका-काकू अशी, व्याजासकट ४ लाख १२ हजार. दुसरी काकू-काका अशी, ३ लाख ६० हजार. दोन्ही एकाच क्रमानं असत्या तर ७ लाख ७२ हजारांतले ५ मिळून २ लाख ७२ हजार अडकले असते. आता दोन्ही पूर्ण मिळणार होत्या.

मला वाटलं कोणीतरी हुशारीनं केलंय. मी फॉर्म काढून बघितला. काहीच हुशारी नाही. काकू त्या दिवशी एकट्याच शाखेत आल्या होत्या, क्लार्कनी समोर बसलेल्या माणसाचं नाव आधी लिहिलं, काकांची सही नंतर घरून आणली. एवढ्यावर पावणेतीन लाख वाचले. नातवाच्या नावची २ लाख ६ हजारांची ठेव, ज्यात काका पालक म्हणून होते, तीही वेगळी मोजली गेली. नॉमिनीचा मात्र याच्याशी काही संबंध नसतो, नॉमिनी बदलून कव्हर वाढत नाही, हेही रोज कोणालातरी सांगावं लागतंच.

ही बातमी बिल्डिंगमध्ये पोचली आणि दुसऱ्या दिवशी चार जण हजर, आमच्या जॉइंट पावतीवरची नावं उलटी करून द्या म्हणून. निर्देशाच्या तारखेला जे रेकॉर्डवर होतं तेच धरतात, त्यानंतर नावं उलटी-सुलटी करून काही होत नाही. त्यातले एक गृहस्थ आमच्या एका संचालकांचं नाव घेऊन दमात घ्यायला लागले. त्या संचालकांचा फोन तेव्हा कोणीच उचलेना, ते स्वतःही नाही.

पण मला अजून खटकतंय ते काकांचं नाही, त्यांच्या शेजाऱ्यांचं. एकट्याच्या नावावर ६ लाखांची ठेव, त्यावर १ लाखाचं कर्ज होतं. डोक्यावर कर्ज नको म्हणून निर्देशाच्या महिनाभर आधी दुसऱ्या बँकेतून पैसे आणून त्यांनी ते फेडलं. आता ठेव ६ लाख, विमा ५, एक लाख अडकले. कर्ज तसंच ठेवलं असतं तर ६ वजा १, बरोबर ५ लाख, सगळे विम्यात, एक पैसा अडकला नसता. काकांनी कर्ज फेडलं नव्हतं म्हणून त्यांचे ते ९६ हजार आपोआप वळते झाले, म्हणजे विम्याच्या बाहेर गेलेल्या पैशांतून कर्ज फिटल्यासारखंच झालं. हिशेब नियमाप्रमाणे चोख आहे. पण त्या माणसानं मला विचारलं, "म्हणजे मी थकवायला हवं होतं का?" आणि मला उत्तर आलं नाही. अडकलेल्या रकमेवर त्यांचा हक्क जात नाही, बँक सावरली किंवा लिक्विडेटर बसला तर काही मिळूही शकतं, पण लिक्विडेटरकडून आधी महामंडळानं भरलेले पैसे परत जातात, मग यांचा नंबर. वय ७० च्या पुढे असलेल्या माणसाला हे कोणत्या तोंडानं सांगायचं.

एक सांगते, हे ५ लाख तरी ४ फेब्रुवारी २०२० पासून आहेत. त्याआधी १९९३ पासून १ लाखच होते, आणि पीएमसी बँकेचं प्रकरण झालं नसतं तर वाढवायचं कोणाच्या मनात आलं असतं का, शंकाच आहे. हप्ता बँक भरते, ठेवीदाराकडून काही घेत नाहीत, त्यामुळे लोकांना आपला विमा आहे हेच बँक बुडायला आल्यावर कळतं.

शेवटी काका विम्याचे पैसे घ्यायचं संमतीपत्र भरायला आले, त्यात पैसे जमा करायला दुसऱ्या बँकेतलं खातं द्यावं लागतं. त्यांनी दिलेल्या खात्याचं पासबुक बघितलं तर तिथं आधीच त्यांच्या एकट्याच्या नावावर साडेतीन लाख. मी म्हटलं, काका, इथले ५ तिथं गेले की तिथं साडेआठ होतील, परत तोच प्रकार. ते म्हणाले, "मग पतसंस्थेत टाकतो, घराजवळ आहे." पतसंस्थेच्या ठेवींना डीआयसीजीसीचं कव्हर मुळीच नसतं, एक रुपयाचंही नाही. हे ऐकून मात्र ते पहिल्यांदा खरे चिडले, कारण तिथंही त्यांचे काही होतेच. वहीचं नवीन पान काढलं, वर बँकेचं नाव लिहून खाली एकट्याचं, दोघांचं, दुकानाचं असे रकाने पाडले, आणि मला म्हणाले दुकानाचा रकाना वेगळा नको ना, तो माझ्यातच घालायचा. म्हटलं हो, तो तुमच्यातच.