आवाज सापडायला नऊ अंक गेले

आठ आठवडे मी दर रविवारी रात्री नव्याने नोकरीला लागलेल्यांसाठी न्यूजलेटर पाठवत होते आणि आठ आठवड्यांत एकाही माणसाने उलट एक ओळ लिहिली नव्हती. यादीत ८४ जण. त्यातले वीसेक नातेवाईक, उरलेले आमच्या प्लांटमधले आजी-माजी ट्रेनी आणि त्यांचे मित्र. मावसभावाने व्हॉट्सॲपवर अंगठा पाठवला, तो धरायचा तर धरा.

माझी फसगत केली ती न्यूजलेटर पाठवायच्या सेवेच्या डॅशबोर्डवरच्या आकड्याने. तिथे लिहिलेलं असायचं की अठ्ठावन्न टक्के लोकांनी मेल उघडली. मी खूश. हा आकडा येतो कसा, ते बघायला दोन महिने लागले. मेलमध्ये डोळ्याला न दिसणारं एक इवलंसं चित्र असतं. ते उतरवलं गेलं की सेवा समजते, मेल उघडली. पण ॲपलच्या मेल ॲपमध्ये २०२१ पासून अशी सोय आहे की ती चालू असली तर ॲप चित्रं स्वतःच आधी उतरवून ठेवतं, माणसाने मेलकडे ढुंकूनही न बघता. उलट चित्रं बंद ठेवून वाचणारा मोजलाच जात नाही. आयुष्यभर क्वालिटीत काम केलेल्या बाईने गेजचं कॅलिब्रेशन न बघता रीडिंगवर विश्वास ठेवला! आता मी तो आकडा बघत नाही. उत्तरं किती आली, एवढंच वहीत लिहिते.

मग वाटलं, उत्तरं येत असतील पण पोचत नसतील. शोधलं तर खरंच, सेटिंगमध्ये उत्तराचा पत्ता म्हणून मी कधी न उघडणारा एक जुना मेल आयडी पडला होता. केवढा आनंद झाला. घाईघाईने ती पेटी उघडली. आत तीन मेल. एक बँकेची जाहिरात, एक ‘मला यातून काढा’ आणि एक सुट्टीवर असल्याचं आपोआप आलेलं उत्तर. (तुम्ही सुरू करणार असाल तर हा पत्ता पहिल्या दिवशी तपासा, आणि स्वतःलाच एक उत्तर पाठवून बघा.)

म्हणजे दोष लिखाणात होता. चौथ्या अंकाची सुरुवात अशी होती: ‘कारकिर्दीच्या सुरुवातीच्या टप्प्यावर संवादकौशल्याचे महत्त्व अनन्यसाधारण आहे. आपण आपल्या चुका प्रामाणिकपणे स्वीकारल्या पाहिजेत.’ आमच्याकडे एक ट्रेनी आहे, डिप्लोमा झालेला, लातूरकडचा. त्याला प्रिंट दाखवली. त्याने शांतपणे वाचली आणि विचारलं, “मॅडम, हे नोटीस बोर्डवर लावायचंय का?” तो विनोद करत नव्हता. तेच जास्त लागलं.

चाकणला एकोणीस वर्षं नोकरी केली, लाइन थांबवली, ऑडिटरशी वाद घातले, आणि लिहायला बसले की मात्र हातातून दहावीचा निबंध उतरायचा. का, ते मला हळूहळू कळलं. आपल्याकडे बोलायची मराठी एक आणि लिहायची दुसरी. मी ‘केलं’ बोलते आणि ‘केले’ लिहिते. त्या एका मात्रेमागोमाग ‘अनन्यसाधारण’ येतं, ‘टप्प्यावर’ येतं, आणि पाच मिनिटांत मी सत्कार समारंभात उभी असते. पहिला बदल एवढाच केला, अनुस्वार लावायला लागले. गंमत म्हणजे ‘संवादकौशल्याचं महत्त्व अनन्यसाधारण आहे’ असं लिहिल्यावर मलाच हसू आलं. तो अनुस्वार खोटं पकडतो.

दुसरी अडचण, वाचणाऱ्याला म्हणायचं काय? ‘तुम्ही’ म्हटलं की बँकेचं पत्र. ‘आपण’ म्हटलं की कोण, मी की तो, ते कळत नाही, आणि सल्ला देणाऱ्याला मागे लपायला जागा मिळते. ‘तू’ म्हटलं की यादीतल्या माझ्या वयाच्या माणसांना मी काकूबाई वाटणार. मधे दोन अंक मी एकेका ओळीचे परिच्छेद पाडून, अर्धं इंग्रजी घालून लिहिले, सोशल मीडियावर लोक लिहितात तसे. ते वाचून बहीण म्हणाली, “तुझा फोन हॅक झाला का?”

सुटका झाली ती फेब्रुवारीच्या शेवटी, चहाच्या वेळी. त्याच ट्रेनीकडून चुकीच्या लेबलचे दोन बॉक्स गेले होते आणि ग्राहकाला मेल कशी लिहू, असं विचारत तो आला. मी त्याला माझी २००९ ची गोष्ट सांगितली. ड्रॉइंगची रिव्हिजन बदलली होती आणि आमच्याकडून जुन्या रिव्हिजनचे ३४० ब्रॅकेट गेले. मी मेल लिहिली. होती इंग्रजीत, पण अर्थ असा की, ‘काही भाग जुन्या रिव्हिजनचे गेल्याचे निदर्शनास आले आहे, आवश्यक ती कार्यवाही सुरू आहे.’ दहा मिनिटांत तिकडून फोन. किती नग? आत्ता कुठे आहेत? लाइनवर लागले का? माझ्या मेलमध्ये यातलं एकही उत्तर नव्हतं. मी ‘निदर्शनास’ आणत बसले आणि तोवर त्यांनी साठ नग गाड्यांना लावले. पुढच्या दोन रात्री मी त्यांच्या स्टोअरमध्ये बसून पेटी पेटी निवडली. “म्हणून अरे,” मी त्याला म्हटलं, “पहिल्या ओळीत आकडा टाक. किती गेले, कुठे आहेत, कुणाला थांबवायला सांगितलंस, आणि पुढची खबर किती वाजता देणार. सॉरी चौथ्या ओळीत लिही.”

त्याने मेल लिहायला घेतली आणि मी बसमध्ये बसल्यावर तेच सगळं फोनमध्ये पुन्हा बोलले, जसं त्याला सांगितलं तसं, ‘अरे’सकट. घरी ऐकून टाइप केलं. दीड हजारावर शब्द झाले. त्यातला नग निवडतानाच्या दोन रात्रींचा रडगाणं भाग कापला, सातशे उरले. शेवटी मी सवयीने लिहिलं होतं, ‘तात्पर्य, पारदर्शकता विश्वास निर्माण करते.’ ते खोडून बघितलं. गोष्टीला काहीही झालं नाही. तेव्हापासून प्रत्येक अंकात हे करते. तात्पर्याची ओळ खोडते, आणि ती खोडल्यावर मुद्दा कळेनासा झाला तर गोष्ट कच्ची आहे असं समजते.

‘तू’चा प्रश्नही तिथेच सुटला. मी वाचणाऱ्याला काही म्हणतच नाही. मी कुणाला तरी काय म्हणाले ते लिहिते, आणि त्या माणसाला मी ‘तू’ म्हणालेली असते. वाचणारा बाजूच्या टेबलावर चहा पीत ऐकतोय, असं धरायचं. माझ्या वयाचे लोकही मग रागावत नाहीत.

तो नववा अंक. सात उत्तरं आली. एकाने आपली स्वतःची फसलेली मेल पाठवली होती, ती त्याला विचारून दहाव्या अंकात आली.

आणखी एक कसोटी मी लावते. अंकाखालचं माझं नाव काढून दुसऱ्या कुठल्याही मॅनेजरचं टाकलं तर चालेल का? चौथ्या अंकाखाली अख्ख्या एमआयडीसीतल्या कुणाचंही नाव चाललं असतं. ३४० ब्रॅकेटखाली चालत नाही.

हे आधी सांगायला हवं होतं. अशा गोष्टी लिहायच्या तर नेमणूकपत्र काढून वाचा. माझ्यात बाहेरच्या कामाबद्दल आणि गोपनीयतेबद्दल कलम होतं. एचआरला मेल टाकली, न्यूजलेटर फुकट आहे, त्यात ग्राहकाचं नाव, किंमत, ड्रॉइंग काही नसेल. त्यांनी लेखी हो म्हटलं. तोंडी हो घेऊ नका. शिवाय माझा नियम असा की ताजी गोष्ट लिहायची नाही, आणि ज्याची गोष्ट आहे तो ओळखू येणार असेल तर आधी त्याला वाचायला द्यायचं. त्या ट्रेनीने वाचून एकच दुरुस्ती सांगितली, बॉक्स दोन नव्हते, तीन होते.

आवाज सापडला आणि वेळापत्रक कोसळलं. मार्च एंड. डिस्पॅचची घाई, त्यात ग्राहकाचं ऑडिट. बारावा अंक राहिला, त्याची लाज वाटून तेरावा अजून चांगला लिहायचा ठरवला, म्हणून तोही राहिला. एक चुकला की दुसरा चुकतो, तो कामामुळे नाही, लाजेमुळे.

दर पंधरा दिवसांनी करून बघावं असं वाटलं, एप्रिलमध्ये एकदा केलंही. तेरा दिवस काही केलं नाही आणि चौदाव्या रात्री अकरा वाजता तीच मी, तोच लॅपटॉप. तेव्हा कळलं की चूक रविवार रात्रीची होती. सुचणं, लिहिणं, कापणं आणि पाठवणं मी एकाच बैठकीत करत होते. सुरुवातीच्या अंकांना सहा-सहा तास जायचे.

आता कामाचे तुकडे केलेत. कंपनीच्या बसमध्ये सोमवारी बोलून ठेवते, वीस मिनिटं, काय येईल ते. गुरुवारी जेवणानंतर पाऊण तास टाइप. शनिवारी सकाळी कापाकापी, तासभर. आणि बुधवारी सकाळी सातला ते आपोआप जातं, कारण पहिल्या शिफ्टवाले सोडले तर बाकीचे तेव्हा बसमध्ये असतात. कापायचा दिवस आणि लिहायचा दिवस एक ठेवू नका. गुरुवारी मला जे वाक्य फार आवडलेलं असतं, ते शनिवारी बहुधा आधी जातं.

दुसरं, साठा. दोन अंक कायम तयार. स्टोअरमध्ये सेफ्टी स्टॉक ठेवायला लोकांना शिकवणाऱ्या बाईला हे सुचायला पाच महिने लागले. महिनाअखेरच्या आठवड्यात साठ्यातला अंक जातो, पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात एक जादा लिहून तो भरते. साठ्यात न नासणारा माल ठेवावा. पहिल्या ऑफर लेटरमधली सीटीसी आणि हातात पडणारा पगार यांतला फरक, पीएफमधला कंपनीचा वाटा आणि ग्रॅच्युइटी त्यात कशी धरतात, हा अंक तीन महिने पडून होता, काही बिघडलं नाही. अप्रेझलचा मात्र एप्रिल उलटला की शिळा होतो. दिवाळीत आणि मे महिन्यात दोन-दोन आठवडे बंद, ते आधीच्या अंकात सांगून. सांगून घेतलेल्या सुट्टीची लाज वाटत नाही.

लांबी सातशे शब्दांच्या वर जाऊ देत नाही, त्याला वेळेशिवाय दुसरंही कारण आहे. जीमेल साधारण १०२ केबीच्या पुढची मेल कापते आणि खाली Message clipped असं दाखवते. देवनागरीचं प्रत्येक अक्षर, प्रत्येक मात्रा तीन बाइट खाते, आणि वर्डमधून चिकटवलं की न दिसणारा भरमसाट कोड सोबत येतो. माझा तिसरा अंक असाच कापला गेला होता. यादीतून बाहेर पडायची लिंक तळाशी असते, तीही त्यात गेली. त्या जुन्या पेटीत ‘मला यातून काढा’ म्हणणाऱ्याने मेल का लिहिली, ते मला तेव्हा कळलं. आता आधी साध्या नोटपॅडमध्ये चिकटवते, मग तिथून उचलते.

हे लिहितेय तो शुक्रवार आहे, महिन्याची सत्तावीस तारीख, आणि साठ्यात एकच अंक आहे. ट्रेनीला विचारलंय, या आठवड्यात कुणाचं काय चुकलं ते सांग, तीन वर्षांनी लिहायला ठेवते.