पाय कापला, भरपाई कशाची?

परवा सदाशिव पेठेतल्या आमच्या कायद्याच्या क्लासमध्ये टॉर्टची, म्हणजे करार नसतानाही दुसऱ्याला केलेल्या इजेच्या भरपाईच्या कायद्याची, सराव परीक्षा झाली. एका प्रश्नाने पूर्ण तास खाल्ला. प्रश्न मीच काढला होता. कोथरूडमध्ये ठेकेदाराने पाण्याच्या लाइनसाठी रस्ता खणला आणि रात्री ना बॅरिकेड लावलं, ना दिवा. एक पादचारी पडला, घोट्याला जखम झाली. माणूस मधुमेही. जखम चिघळली, गँगरीन झालं आणि पाय गुडघ्याखाली कापावा लागला. ठेकेदार कशाकशाची भरपाई देणं लागतो?

पर्याय ‘अ’: कशाचीच नाही, कारण पादचाऱ्याशी करारच नव्हता. हा लगेच खोडायचा. ब्रिटनमधल्या १९३२च्या डोनोह्यू खटल्यापासून काळजी घेण्याचं कर्तव्य कराराला बांधलेलं नाही. आपल्या कृतीने ज्याला इजा होईल हे समोर दिसतं, त्याच्याशी ते असतं. अंधारात रस्ता खणणाऱ्याला चालणारा माणूस दिसायलाच हवा.

निम्म्याहून जास्त मुलांनी ‘ब’ लावला: कर्तव्य होतं, पण पाय कापावा लागेल हे अपेक्षित नव्हतं, म्हणून भरपाई फक्त जखमेची. वाचायला पटतं, पण इथेच पाय घसरतो. अंदाज यायला हवा तो नुकसानीच्या प्रकाराचा, ती किती वाढेल याचा नव्हे. खड्ड्यात पडून शारीरिक इजा होणार हे उघड होतं. पुढे ती मधुमेहामुळे वाढली, तर वाढीव भारही ठेकेदारावरच. स्मिथ विरुद्ध लीच ब्रेनमध्ये (१९६२) कामगाराच्या ओठावर वितळलेल्या धातूचा थेंब उडाला. तिथल्या पेशी आधीपासूनच कर्करोगाकडे झुकलेल्या होत्या. भाजल्यामुळे कर्करोग झाला आणि तो गेला. मालकाला मृत्यूचीही भरपाई द्यावी लागली. म्हणून उत्तर ‘क’: कर्तव्य होतं, इजेचा प्रकार अपेक्षित होता, भरपाई पाय गमावल्याचीही.

खरा वाद ‘ड’वर झाला: निष्काळजीपणाच्या प्रत्येक थेट परिणामाची भरपाई, अपेक्षित असो वा नसो.

“सर, पैसे तर तेवढेच मिळतात. निदान अर्धा मार्क द्या!” शेवटच्या बाकावरून आवाज आला.

या प्रश्नात तेवढेच मिळतात, खरं आहे. पण हा नियम १९२१च्या पोलेमिस खटल्याचा, आणि लंडनच्या प्रिव्ही कौन्सिल या वरिष्ठ न्यायपीठाने १९६१मध्ये वॅगन माउंड खटल्यात तो बाजूला ठेवला. सिडनी बंदरात जहाजातून फर्नेस ऑइल सांडलं. वेल्डिंगच्या ठिणग्यांनी पाण्यावर तरंगणारा कापसाचा बोळा पेटला, मग तेल, मग धक्का. तेलाने धक्का घाण होईल हे अपेक्षित होतं. पाण्यावरचं ते तेल पेटेल हे त्या पुराव्यावर अपेक्षित ठरलं नाही, म्हणून आगीची भरपाई नाही. ‘ड’च्या नियमाने ती मिळाली असती.

तो निकाल आपल्या न्यायालयांना बंधनकारक नाही, पण टॉर्टच्या पेपरात कसोटी तीच धरतात. अर्धा मार्क मी दिला नाही. एक चूक मात्र माझी: प्रश्नात पादचाऱ्याने ड्रेसिंग वेळेवर केलं की नाही, हे लिहायचं राहिलं होतं. त्याने हयगय केली असती, तर ‘क’ इतका सरळ राहिला नसता. पुढच्या बॅचच्या प्रश्नात ‘उपचार वेळेवर घेतले’ हे तीन शब्द घातले आहेत.